निर्देशांक घसरला म्हणजे स्पर्धाशक्ती वाढली का?

१० जून २०१५ रोजी बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हारुहिको कुरोदा संसदेच्या समितीपुढे म्हणाले, की येनचा वास्तविक प्रभावी विनिमय दर, म्हणजे महागाईचा फरक धरून अनेक देशांच्या चलनांपुढे मोजलेला येनचा भाव, इथून आणखी खाली जाईल असं वाटत नाही. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख चलनाबद्दल इतकं उघडपणे सहसा बोलत नाहीत. त्यामुळे काही तासांतच येन डॉलरमागे सुमारे दोन येननी वधारला. कुरोदांच्या बोलण्याला आधार होता. हा दर तेव्हा १९७०च्या दशकानंतरच्या सर्वात खालच्या पातळीजवळ होता आणि पाठ्यपुस्तकानुसार तो आता वर वळायला हवा होता. प्रत्यक्षात पुढच्या नऊ वर्षांत तो आणखी जवळपास पाव भागाने उतरला. जुलै २०२४मध्ये एका डॉलरला सुमारे १६२ येन मोजावे लागत होते.

वास्तविक प्रभावी विनिमय दर, ज्याला बोलताना सगळे ‘रीर’ म्हणतात, हा आकडा अर्थविषयक चर्चेत सर्रास एकाच कामासाठी वापरला जातो. तो १००च्या, म्हणजे आधारवर्षाच्या पातळीच्या, वर गेला की ‘चलन महाग झालं, निर्यात मार खाणार, चलन खाली येऊ द्या’ असा सूर लागतो. १००च्या खाली गेला की ‘आता निर्यातीला उभारी’ असं ठरवून टाकलं जातं. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत असं माझं म्हणणं आहे. रीर देशाच्या वस्तूंचा आणि श्रमाचा सापेक्ष भाव सांगतो. देश त्या भावाला माल विकू शकतो की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि अनेकदा भाव घसरण्याचं कारणच विकण्याची ताकद कमी होणं हे असतं.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. कारण त्याच्या वापरातल्या बहुतेक चुका त्याच्या घडणीतच दडलेल्या असतात.

डॉलरच्या दराने देशाच्या व्यापाराचं चित्र पुरतं दिसत नाही, कारण माल अनेक देशांना विकला जातो. म्हणून प्रत्येक भागीदार देशाच्या चलनात आपल्या चलनाचा भाव किती बदलला ते घ्यायचं, त्याला व्यापारातल्या वाट्यानुसार भार द्यायचा आणि भूमितीय सरासरी काढायची. हा झाला नाममात्र प्रभावी दर, म्हणजे ‘नीर’. मग प्रत्येक भागीदाराच्या तुलनेत आपल्याकडची महागाई किती वाढली त्याचं गुणोत्तर त्यात मिसळायचं, की रीर मिळतो.

```
REER = 100 × Π [ S_i × (P / P_i) ]^w_i
```

यात `S_i` म्हणजे आपल्या चलनाचा त्या देशाच्या चलनातला भाव आधारवर्षाच्या किती पट झाला. `P` आणि `P_i` म्हणजे आपला आणि त्यांचा किंमत निर्देशांक, तेही आधारवर्षाच्या पटीत, आणि `w_i` हा भार. सगळ्या भारांची बेरीज एक.

एक काल्पनिक देश घेऊ. त्याचे तीन भागीदार आहेत आणि त्यांचे भार ५०, ३० आणि २० टक्के आहेत. वर्षभरात त्याचं चलन पहिल्याच्या चलनापुढे ४ टक्के वधारलं, दुसऱ्यापुढे १० टक्के पडलं आणि तिसऱ्यापुढे जिथल्या तिथे राहिलं. १.०४चा ०.५वा घात आणि ०.९०चा ०.३वा घात यांचा गुणाकार केला की नीर येतो ९८.८. म्हणजे एकूण पाहता चलन थोडं उतरलं. आता महागाई. आपल्या देशात ६ टक्के, भागीदारांकडे अनुक्रमे २, ३ आणि १२ टक्के. पहिल्या दोघांच्या तुलनेत आपण महागलो, तिसऱ्याच्या तुलनेत स्वस्त झालो. हे सगळं मिसळलं की रीर १००.५च्या आसपास जातो. दुसऱ्या चलनापुढच्या १० टक्के घसरणीचा मथळा वाचून निर्यातदार खूश झाला असेल, तर त्याचा हिशेब चुकला. त्या वर्षात देश किंचित महागच झाला होता.

इथे भूमितीय सरासरीच का घेतात? साध्या सरासरीत वाढ आणि घट समान मोजली जात नाही. चलन दुप्पट होऊन पुन्हा निम्मं झालं, तर निर्देशांक मूळ जागी यायला हवा. भूमितीय सरासरी तो आणते. शिवाय आधारवर्ष बदललं तरी दोन तारखांमधला टक्केवारीतला फरक तोच राहतो.

भारांचा मामला मात्र सरळ नाही. फक्त कोणाला किती विकलं आणि कोणाकडून किती घेतलं एवढ्यावर भार ठरवले, तर खरे प्रतिस्पर्धी सुटून जातात. दोन देश एकमेकांशी फारसा व्यापार करत नसतील, पण दोघेही तिसऱ्या देशात यंत्रं विकत असतील, तर एकाचं चलन घसरलं की दुसऱ्याचा धंदा जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय समझोता बँक, म्हणजे बीआयएस, भार काढताना तिसऱ्या बाजारातली स्पर्धाही धरते. तिचा व्यापक निर्देशांक ६४ अर्थव्यवस्थांचा आहे आणि भार तीन-तीन वर्षांच्या व्यापारावरून काढून साखळीने जोडले जातात. पण हे भार कारखान्यात तयार झालेल्या मालाच्या व्यापारावर बेतलेले आहेत. ज्या देशाची कमाई सॉफ्टवेअरवर, पर्यटनावर किंवा कच्च्या तेलावर आहे, त्याच्या बाबतीत हे भार खऱ्या स्पर्धेचं चित्र पुरतं दाखवत नाहीत.

आणखी एक साधी गोष्ट, जी चांगल्या चांगल्यांना फसवते. बीआयएस आणि नाणेनिधीच्या आकड्यांत निर्देशांक वर जाणं म्हणजे चलन महागणं. पण अर्जेंटिना आणि चिली यांच्या मध्यवर्ती बँका उलटा निर्देशांक छापतात. तिथे वर जाणं म्हणजे चलन स्वस्त होणं. दोन ठिकाणचे तक्ते शेजारी ठेवून कोणी निष्कर्ष काढत असेल, तर आधी हे तपासावं.

आता जपानकडे वळू, कारण रीर काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, या दोन्ही गोष्टी तिथे स्पष्ट दिसतात.

एप्रिल १९९५मध्ये डॉलर ८० येनच्या खाली गेला, ७९.७५पर्यंत. ऑक्टोबर २०११मध्ये तो आणखी खाली, ७५-७६ येनवर आला. नुसता दर पाहणारा म्हणेल की २०११मध्ये येन १९९५पेक्षाही महाग होता आणि जपानी निर्यातदारांचं तेव्हा जास्त हाल झालं असणार. पण मधल्या सोळा वर्षांत अमेरिकेतल्या ग्राहक किमती जवळपास ५० टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि जपानमधल्या जवळजवळ होत्या तिथेच होत्या. हिशेब करा: येनचा डॉलरमधला भाव १.०५ पट आणि किमतींचं गुणोत्तर १ भागिले १.४९, म्हणजे ०.६७. गुणाकार ०.७०. डॉलरच्या तुलनेत येन वास्तविक अर्थाने ३० टक्के स्वस्त झाला होता. नाममात्र दराने विक्रम मोडला, पण वास्तविक दर त्याच्या जवळपासही नव्हता. रीरची खरी उपयुक्तता हीच आहे. महागाईचा पडदा बाजूला करून तो भाव दाखवतो, आणि हे काम तो चोख करतो.

इथवर वाद नाही. पुढचा टप्पा वादाचा आहे.

२०२० साल १०० धरलं, तर बीआयएसच्या व्यापक निर्देशांकात येन एप्रिल १९९५मध्ये १९४च्या जवळ होता आणि २०२४मध्ये ७०च्या आसपास. म्हणजे ६० टक्क्यांहून अधिक घसरण. एखाद्या मोठ्या औद्योगिक देशाने आपला श्रम आणि माल जगाला इतका स्वस्त क्वचितच केला असेल. ‘रीर म्हणजे स्पर्धाशक्ती’ हे समीकरण खरं असतं, तर जपानी मालाने जग भरून जायला हवं होतं. घडलं उलटंच. जगाच्या वस्तूनिर्यातीत जपानचा वाटा १९९५मध्ये साडेआठ टक्क्यांच्या वर होता, तो २०२३मध्ये तीन टक्क्यांवर आला. २०२२मध्ये जपानला सुमारे २० लाख कोटी येनची विक्रमी व्यापारी तूट आली.

त्याच्या शेजारी चीन ठेवा. जुलै २००५मध्ये युआनची डॉलरशी घातलेली गाठ सैल झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत चीनचा रीर सुमारे ५० टक्क्यांनी वर गेला. चिनी श्रम आणि माल जगाच्या तुलनेत दीडपट महाग झाला. आणि जागतिक वस्तूनिर्यातीतला त्याचा वाटा सुमारे ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या जवळ गेला, म्हणजे जवळपास दुप्पट झाला.

हा विरोधाभास नवा नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डोर यांनी १९७८मध्ये औद्योगिक देशांच्या आकड्यांवरून हेच दाखवलं होतं. ज्यांचा सापेक्ष खर्च सर्वाधिक वाढला, त्यांचाच बाजारातला वाटा वाढला होता. जर्मनी आणि जपान तेव्हा महागत होते आणि जिंकत होते. ब्रिटन आणि अमेरिका स्वस्त होत होते आणि हरत होते. जपान पुढे त्याच वाटेने उलट्या दिशेने चालत गेला, असं म्हणायला हरकत नाही.

याचं कारण गूढ नाही. रीर वर जाण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, देशात उत्पादकता वाढते. निर्यात करणाऱ्या कारखान्यांत तासाला जास्त माल निघतो, त्यामुळे तिथली मजुरी वाढते. ती मजुरी बघून शिक्षक, न्हावी आणि बसचालकही जास्त मागतात, पण त्यांची उत्पादकता तेवढी वाढलेली नसते. म्हणून सेवा महागतात, ग्राहक निर्देशांक वर जातो आणि रीरही. निर्यातदाराचा प्रत्येक नगामागचा खर्च मात्र वाढलेला नसतो. या परिणामाला बलासा आणि सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांचं नाव आहे, आणि वेगाने वाढणाऱ्या देशात रीरचा चढ बऱ्याचदा यातूनच येतो. दुसरं कारण म्हणजे उत्पादकता न वाढता खर्च वाढणं. सरकारी खर्चाचा भडका, बाहेरून आलेल्या पैशाचा लोंढा, तेलाच्या पैशाने फुगलेली मागणी. इथे निर्यातदाराचा गळा खरोखर आवळला जातो. निर्देशांकात दोन्ही चढ अगदी सारखे दिसतात. ११५ हा आकडा कोणत्या प्रकारचा ११५ आहे, हे तो स्वतः सांगत नाही.

खाली जाण्यालाही हेच लागू आहे. जपानी रीर उतरला, कारण येनचा नाममात्र भाव कमी झाला आणि शिवाय देशातल्या किमती व पगार वर्षानुवर्षं थांबले. इतर देशांत पगार वाढत होते, तिथे नाही. या घसरणीत मोठा भाग दुबळेपणाचं लक्षण आहे. त्याला ‘स्पर्धाशक्तीतला लाभ’ म्हणणं म्हणजे पगार न मिळालेल्या माणसाला काटकसरी म्हणण्यासारखं आहे.

पण मग इतक्या स्वस्त झालेल्या येनने निर्यातीचं प्रमाण का वाढवलं नाही? इथे यंत्रणा समजून घेणं महत्त्वाचं, कारण बहुतेक देशांत आज तीच लागू होते.

पहिलं म्हणजे, येन पडला म्हणून जपानी कंपन्यांनी परदेशातले भाव उतरवलेच नाहीत. २०१२च्या अखेरीपासून येन वेगाने पडू लागला, तेव्हा अमेरिकेत २५ हजार डॉलरला विकली जाणारी गाडी २५ हजारांच्या आसपासच विकली जात राहिली. कंपनीला तेवढ्याच डॉलरचे जास्त येन मिळाले. नफा फुगला, शेअर बाजार चढला, पण गिऱ्हाईकाला माल स्वस्त झाला नाही, तर तो जास्त का घेईल? जपानची येनमध्ये मोजलेली निर्यात २०२३मध्ये पहिल्यांदा १०० लाख कोटींच्या वर गेली. त्यात नगांची वाढ थोडी आणि हिशेबाच्या चलनाची करामत जास्त. म्हणून कोणी निर्यातीची ‘विक्रमी’ रक्कम दाखवली, की पहिला प्रश्न असा विचारावा: नग किती वाढले?

दुसरं, महाग येनच्या काळात कारखाने देशाबाहेर गेले होते. जपानी उत्पादकांचा जवळपास पाव माल परदेशातच तयार होतो, वाहनांच्या बाबतीत त्याहून बराच जास्त. असा कारखाना एकदा उभा राहिला, पुरवठादार त्याच्याभोवती जमले, कामगार शिकले, की येन स्वस्त झाला म्हणून तो परत येत नाही. चलनाचा धक्का ओसरतो, त्यातून हललेला कारखाना मात्र तिथेच राहतो. १९९५च्या चढ्या दराचा परिणाम २०१५च्या उतरत्या दराने पुसला जात नाही. रीरचा आलेख मात्र दोन्ही दिशांना सारखाच दिसतो.

तिसरं, आयात केलेले सुटे भाग. समजा, परदेशात १०० डॉलरला विकल्या जाणाऱ्या वस्तूत ४० डॉलरचे भाग बाहेरून आणलेले आहेत आणि ६० डॉलरचं काम देशात झालं आहे. चलन १० टक्के पडलं, तर फक्त त्या ६०चा खर्च डॉलरमध्ये ५४वर येतो. ४० तसेच राहतात. वस्तूचा खर्च ९४. म्हणजे १० टक्के अवमूल्यनाचा फायदा ६ टक्के. त्यात वीज आणि इंधनही बाहेरून येत असेल, तर देशातला खर्चही हळूहळू वाढतो आणि ते ६ टक्के आणखी आटतात. २०११मध्ये फुकुशिमानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या आणि जपानला वायू व तेल मोठ्या प्रमाणात आणावं लागलं. स्वस्त येनने ते बिल फुगवलं. नेहमीचा रीर अख्ख्या वस्तूची स्पर्धा मोजतो, तिच्यातल्या देशी हिश्श्याची नाही. आयात भागांचं प्रमाण जितकं जास्त, तितकं त्याचं बोलणं फसवं.

एवढं सगळं म्हटल्यावर रीर निकामी आहे असं कोणी समजू नये. तो बरोबर धोक्याची घंटा वाजवतो, अशी प्रकरणं आहेत, आणि त्यात सर्वात शिकण्यासारखं अर्जेंटिनाचं.

एप्रिल १९९१मध्ये अर्जेंटिनाने आपलं चलन डॉलरला बांधणारा कायदाच केला होता, आणि १९९२पासून एक पेसो म्हणजे बरोबर एक डॉलर होता. डॉलरच्या दराकडे बघणाऱ्याला तिथे दहा वर्षं काहीच घडताना दिसलं नसतं. पण अर्जेंटिनाची अमेरिकेला होणारी निर्यात फार नव्हती. सर्वात मोठं गिऱ्हाईक ब्राझील होतं, एक चतुर्थांशाहून अधिक माल तिकडे जायचा. जानेवारी १९९९मध्ये ब्राझीलने आपलं चलन मोकळं सोडलं. डॉलरला १.२१ रियाल होते, ते महिनाअखेरीस दोनच्या आसपास गेले. पेसो रियालपुढे एका फटक्यात सुमारे ६५ टक्क्यांनी महागला. ब्राझीलचा भार ढोबळपणे ३० टक्के धरला, तर १.६५चा ०.३वा घात म्हणजे १.१६. पेसोचा प्रभावी दर केवळ शेजाऱ्याच्या निर्णयाने १६ टक्क्यांनी वर गेला. वर डॉलरही जगात वधारत होता आणि पेसो त्याला बांधलेला होता.

नाममात्र दर बदलता येत नसेल, तर रीर खाली आणायला एकच वाट उरते: देशातल्या किमती आणि पगार कमी करणं. अर्जेंटिनात ते घडतही होतं. १९९९ ते २००१ या काळात किमती दरवर्षी एखाद टक्क्याने घसरत होत्या. १६ टक्के भरून काढायला त्या वेगाने दीड दशक लागलं असतं. तोवर बेकारी वाढत गेली, कर्ज डॉलरमध्ये होतं, आणि जानेवारी २००२मध्ये गाठ तुटली. इथे रीरने खरं सांगितलं होतं, कारण चढ बाहेरच्या धक्क्याने आला होता. मागे उत्पादकतेची वाढ नव्हती आणि निर्यातीचे आकडेही तीच तक्रार करत होते. निर्देशांकाबरोबर दुसरे साक्षीदार उभे असतील, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

याच देशाने पुढे रीर कसा बिघडवता येतो तेही दाखवलं. २००७पासून तिथल्या सांख्यिकी संस्थेने ग्राहक महागाई कमी दाखवायला सुरुवात केली. प्रांतांचे आकडे अधिकृत आकड्याच्या दुपटीहून जास्त होते. फेब्रुवारी २०१३मध्ये नाणेनिधीने त्याबद्दल अर्जेंटिनाचा निषेध केला. अधिकृत महागाई १० टक्के आणि खरी २५ टक्के असेल, तर एका वर्षात रीर १२ टक्क्यांनी कमी मोजला जातो. चार वर्षांत निर्देशांकाला अर्थच उरत नाही. कागदावर देश स्वस्त, बाजारात महाग. सूत्र कितीही काटेकोर असो, `P` खोटा असेल तर उत्तरही खोटंच येणार.

`P`चा प्रश्न प्रामाणिक देशांतही आहे. ग्राहक निर्देशांक सर्वत्र मिळतो, दर महिन्याला येतो, म्हणून तोच वापरला जातो. पण त्यात घरभाडं, शाळेची फी, केशकर्तन असं बरंच काही असतं, जे बंदरातून कधी बाहेर जात नाही. निर्यातदाराच्या खर्चाच्या जवळ जायचं, तर दर नगामागच्या मजुरीखर्चावरून रीर काढणं जास्त तर्कशुद्ध आहे. अनेक संस्था तोही काढतात. दोन्ही एका दिशेने जात असतील तर उत्तम. नसतील, तर फरक का पडला ते शोधायचं. पण मजुरीखर्चाचा रीरही दैवी नाही. आयर्लंडचं उदाहरण बघा. २०१५मध्ये काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि इतर बौद्धिक हक्क आयर्लंडच्या खात्यात हलवले आणि त्या वर्षीच्या आर्थिक वाढीचा सुधारित अंदाज २६ टक्के आला. उत्पादन इतकं ‘वाढलं’ आणि मजूर तेवढेच, म्हणजे नगामागचा मजुरीखर्च कोसळला. त्यावरून काढलेल्या रीरने आयर्लंडला एका रात्रीत कमालीचा स्पर्धाक्षम ठरवलं. डब्लिनमधल्या एखाद्या चीज कारखान्याच्या दृष्टीने त्या रात्री काहीही बदललं नव्हतं.

आणि १०० या आकड्याचं काय? तो फक्त आधारवर्षाचा शिक्का आहे. त्या वर्षी चलन योग्य भावावर होतं, असा दावा निर्देशांक करत नाही. २०२० आधार धरला की २०२४चा येन ३० टक्के स्वस्त दिसतो. एप्रिल १९९५ धरला तर ६४ टक्के. यातलं ‘खरं’ कोणतं, हे ठरवायला निर्देशांकाच्या बाहेर जावं लागतं. निदान दहा-पंधरा वर्षांच्या सरासरीशी तुलना केली, तर एका विक्षिप्त वर्षाचा प्रभाव कमी होतो. तरीही सरासरीकडे परतणं हा नियम सैल आहे. वास्तविक दरातली फारकत निम्मी व्हायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, असं या क्षेत्रातले अभ्यास सांगत आले आहेत. अर्थव्यवस्थेची रचनाच बदलली असेल, तर परतायला जुनं ठिकाण उरलेलं नसतं. येनच्या बाबतीत तेच झालं.

त्यामुळे ‘रीर ११० झाला, चलन पाडा’ अशी मागणी आली, की मी मागणाऱ्याकडून काही गोष्टींची उत्तरं अपेक्षित धरतो. हा चढ नाममात्र दरातून आला की महागाईतून? महागाईतून आला असेल, तर चलन पाडून ती आणखी वाढेल आणि वर्ष-दोन वर्षांत रीर पुन्हा तिथेच येईल. मग खरा प्रश्न महागाईचा आहे, चलनाचा नाही. नाममात्र दरातून आला असेल, तर कोणत्या भागीदारामुळे? एका मोठ्या प्रतिस्पर्ध्याचं चलन पडलं असेल, तर तक्रार खरी असू शकते. डॉलर सगळ्यांपुढेच वधारला आणि आपण त्याच्याबरोबर ओढले गेलो असू, तर उपाय वेगळा. निर्यातीचे नग कमी झाले आहेत का, की रक्कमच? बाजारातला वाटा घटतो आहे का? आणि निर्यातदारांच्या नफ्याचं प्रमाण काय आहे? शेवटचा प्रश्न फार क्वचित विचारला जातो, पण तो सर्वात बोलका आहे. चलन महागलं की चांगला निर्यातदार आधी नफा खातो, भाव टिकवतो. म्हणजे नगांचे आकडे दोन-तीन तिमाही ठीक दिसतात आणि जखम नफ्याच्या रकान्यात असते. तिथे ती दिसत नसेल आणि निर्यातीचा वाटाही टिकून असेल, तर ११०चा रीर उत्पादकतेतून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी चलन पाडणं म्हणजे कामगाराच्या वाढलेल्या कमाईतला वाटा काढून निर्यातदाराच्या खिशात घालणं. कोणाला ते हवं असेलही, पण मग त्याला स्पर्धाशक्तीचं धोरण म्हणू नये.